आई-वडिलांचा खर्च, मुलांचे शिक्षण आणि महिनाअखेरचे ‘काहीतरी’

प्रश्न: मी ४५ वर्षांचा, पत्नी ४३. दोघेही नोकरी करतो. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९. वडील ७४ आणि आई ६९, ते वेगळे राहतात. वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला. त्यांना दरमहा ठरलेली रक्कम देतो, तरी महिनाअखेर काहीतरी निघतेच. गेल्या वर्षी आमच्या निवृत्तीची बचत बंद केली, आता मुलीच्या शिक्षणाच्या पैशांना हात लावायची वेळ आली आहे. घराच्या कर्जाची सहा वर्षे बाकी आहेत. लहान भाऊ दुसऱ्या शहरात असतो. अंदाजपत्रक कुठे चुकते आहे?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातला ‘काहीतरी’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. गेली बावीस वर्षे मी कुटुंबांचे जमाखर्च बसवून देण्याचे काम करतो आहे आणि ज्या घरात वर आई-वडील व खाली शाळकरी मुले आहेत, तिथे हा शब्द मला हमखास ऐकू येतो. दरमहा द्यायची रक्कम ठरवताना बहुतेकांचा अंदाज फारसा चुकत नाही. चूक असते ती त्या रकमेच्या बाहेर होणाऱ्या खर्चात. त्याला अंदाजपत्रकात नाव नसते, जागा नसते, आणि म्हणून तो ज्या खात्यातून पैसे काढताना कोणी अडवत नाही त्या खात्यातून जातो. तुमच्या घरी ते खाते आधी निवृत्तीच्या बचतीचे होते आणि आता मुलीच्या शिक्षणाचे होऊ घातले आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. वडिलांचे निवृत्तीवेतन त्यांच्या पश्चात आईला किती मिळेल, तुमच्याकडे वृद्धांच्या उपचारांचा किती भार सरकार किंवा विमा उचलतो, आजार कोणत्या वळणाने जातो, यांची उत्तरे घरागणिक बदलतात. त्यामुळे मी रकमा न देता भाग देतो. तुम्हा दोघांचे हाती येणारे महिन्याचे उत्पन्न १०० भाग धरा. तुमचे आकडे त्यात बसवणे सोपे जाईल.

तुमच्यासारख्याच वयाचे एक जोडपे काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. त्यांचे अंदाजपत्रक कागदावर अगदी नेटके होते. घरखर्च ४८ भाग, घराच्या कर्जाचा हप्ता १८, मुलांच्या शाळा व शिकवण्या १४, आई-वडिलांना ८, स्वतःच्या निवृत्तीसाठी ८ आणि मुलांच्या उच्च शिक्षणासाठी ४. बेरीज बरोबर १००. तरीही निवृत्तीचे ८ भाग वर्षभरापासून बंद होते आणि क्रेडिट कार्डावर देणे साचले होते. मी त्यांना नवीन काही ठरवू दिले नाही. मागच्या बारा महिन्यांचे बँकेचे आणि कार्डाचे उतारे घेऊन बसायला सांगितले आणि आई-वडिलांसाठी झालेला, पण त्या ८ भागांत नसलेला, प्रत्येक खर्च एका वेगळ्या कागदावर उतरवून घेतला.

त्या कागदावर आले ते असे. वडिलांचे चार दिवसांचे रुग्णालय, त्यातला विम्याने न दिलेला भाग: २४. दर तीन महिन्यांच्या तपासण्या, प्रत्येकी ३ प्रमाणे: १२. आईची कवळी: १०. न्हाणीघरात भिंतीला आधाराच्या दांड्या आणि न घसरणारी फरशी: १०. चष्मा आणि श्रवणयंत्राची दुरुस्ती: ८. अवेळी करावे लागलेले प्रवास: १२. पत्नीने घेतलेल्या बिनपगारी रजेमुळे बुडालेला पगार: ८. एकूण ८४ भाग, म्हणजे महिन्याला सरासरी ७. आई-वडिलांचा खरा खर्च ८ नव्हता, १५ होता.

उरलेला एक भाग कुठे गेला, ते पाहण्यासारखे आहे. निवृत्तीची बचत थांबवून त्यांनी वर्षाला ९६ भाग मोकळे केले होते आणि जादा खर्च ८४ होता, म्हणजे १२ शिल्लक राहायला हवे होते. ते राहिले नाहीत, कारण रुग्णालयाचे २४ भाग एकाच दिवशी भरायचे होते आणि मोकळे होत होते महिन्याला ८. ते बिल कार्डावर गेले आणि वर्षभर पुरते फिटले नाही, कारण थोडे फिटले की पुढचे काहीतरी त्याच कार्डावर चढे. १२ भाग व्याजात गेले. खर्च परवडण्याजोगा असूनही केवळ एकदम आला म्हणून महाग पडला. वृद्धांच्या खर्चाचा हा स्वभावच आहे: तो सरासरीने येत नाही, गठ्ठ्याने येतो.

म्हणून पहिले काम तुमचेही हेच असावे. बारा महिन्यांचे उतारे घ्या आणि तुमच्या ‘काहीतरी’ची बेरीज करा. बुडालेला पगार, प्रवास आणि व्याज यांत धरायला विसरू नका; हे तीन खर्च लोक कधीच आई-वडिलांच्या नावावर लिहीत नाहीत, कारण त्यांची पावती आई-वडिलांच्या नावाने नसते. त्या बेरजेला बाराने भागा आणि आलेला आकडा दरमहाच्या ठरलेल्या रकमेत मिळवा. हा तुमचा खरा मासिक आकडा. तो पाहून छातीत धस्स होईल, पण हे पैसे आजही जातच आहेत.

ही सगळी रक्कम एका स्वतंत्र बचत खात्यात दरमहा जाऊ द्या आणि आई-वडिलांचा कोणताही खर्च, लहान असो वा मोठा, त्याच खात्यातून करा. खाते सुरू करताना त्यात काही रक्कम आधीच असावी लागते, नाहीतर पहिल्याच मोठ्या बिलाला ते कोरडे पडते. मी साधा हिशेब ठेवतो: मागच्या वर्षातले सर्वांत मोठे एकरकमी बिल आणि त्याच्या निम्मे. त्या जोडप्याच्या बाबतीत २४ आणि १२, म्हणजे ३६ भाग. खाते त्याच्या खाली गेले तर पुढच्या महिन्यांत ते भरून काढायचे. सलग सहा महिने ते भरून निघत नसेल, तर तुमचा मासिक आकडा जुना झाला आहे आणि आई-वडिलांची प्रकृती एक पायरी उतरली आहे असे समजावे. महिनाअखेरच्या चणचणीपेक्षा या खात्याची शिल्लक ते लवकर सांगते.

आता हे ३६ भाग आणि दरमहाचे वाढीव ७ भाग आणायचे कुठून, हा प्रश्न येतो. इथे मी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, जी अनेकांना रुचत नाही. आई-वडिलांच्या खर्चासाठी आधी आई-वडिलांचेच पैसे वापरले पाहिजेत. त्यांना किती निवृत्तीवेतन येते, ठेवी किती, विमा कोणता, कोणाचे देणे आहे का, हे मुलांना बहुधा ठाऊकच नसते. विचारणे म्हणजे त्यांच्या पैशांवर डोळा ठेवणे, असे मुलांना वाटते. आणि मुले विचारत नाहीत म्हणजे त्यांना गरज नाही, असे आई-वडिलांना वाटते.

त्या जोडप्याला मी सांगितले की, ‘तुमच्याकडे किती आहे’ असे विचारू नका. आधी तुमचा कागद त्यांच्यापुढे ठेवा, आमची ओढाताण होते आहे आणि पुढची दहा वर्षे नीट बसवायची आहेत, तुमची मदत हवी आहे, असे म्हणा. त्या रविवारी त्यांनी मलाही बोलावले होते. वडिलांनी तो ८४ भागांचा कागद चष्मा वर-खाली करत दोनदा वाचला, शेवटच्या ओळीवरच्या बिनपगारी रजेवर बोट ठेवून सुनेकडे पाहिले आणि काही न बोलता आत गेले. बाहेर आले ते पत्र्याची एक जुनी पेटी घेऊन. पेटीत मुदत संपलेल्या तीन ठेवींच्या पावत्या होत्या. त्यांतली एक चार वर्षांपूर्वीच पिकली होती आणि तेव्हापासून अत्यल्प व्याजावर पडून होती. हप्ता चुकल्याने बंद पडलेली एक विमा पॉलिसी होती. आणि रबर लावून ठेवलेला एक लिफाफा होता, त्यावर ‘अंत्यविधीसाठी’ असे लिहिले होते. ते मुलाला म्हणाले, “हे तुमच्यासाठीच ठेवले आहे. मला कोणी विचारलेच नाही.” मुलाला काही वेळ बोलता आले नाही.

ठेवी मिळून ३०० भागांच्या आसपास होत्या. आपली रक्कम मुलांना वारशात मिळावी, ही वडिलांची इच्छा होती. मी त्यांना एक हिशेब समजावून दिला आणि तो तुम्हालाही उपयोगी पडेल. आई-वडिलांची ठेव जशीच्या तशी राहिली, तर त्यांच्या पश्चात ती सर्व भावंडांत वाटली जाते. पण ती तशी राहावी म्हणून खर्च होतात ते एकाच मुलाच्या निवृत्तीचे आणि नातवंडांच्या शिक्षणाचे पैसे. म्हणजे एका मुलाची म्हातारपणाची पुंजी सर्वांच्या वारशात जाते, आणि हे कोणी ठरवलेले नसते. वडील त्यावर एवढेच म्हणाले की, मग आम्हाला आधीच सांगायचे होते.

ठेवी मात्र सगळ्या संपवायच्या नसतात. तळाची एक रेघ आखावी लागते आणि ती रेघ मी मागे राहणाऱ्या जोडीदाराच्या नावाने आखतो. दोघांपैकी एक गेल्यावर खर्च निम्मा होत नाही. घर तेच, वीज तीच, मदतीला येणारी व्यक्ती तीच. उत्पन्न मात्र बरेच घटू शकते. म्हणून मागे राहणाऱ्याच्या एका वर्षाच्या पूर्ण खर्चाइतकी ठेव अबाधित ठेवावी. त्या घरात आईसाठी ही रक्कम ९६ भाग निघाली. ३०० मधून ३६ भाग नव्या खात्यात गेले, २४ भागांत कार्डाचे देणे फिटले, कारण ते वडिलांच्याच रुग्णालयाचे होते. राहिले २४०. त्यातून महिन्याला ३ भाग, म्हणजे वर्षाला ३६, खात्यात यायचे ठरले. व्याज सोडून दिले तरी ९६ च्या रेघेपर्यंत पोहोचायला चार वर्षे लागणार होती आणि त्यांच्या घराचे कर्ज तीन वर्षांत फिटणार होते. पूल नदीपेक्षा थोडा लांब होता, एवढे पुरेसे होते.

दरमहाच्या वाढीव ७ पैकी राहिले ४ भाग. त्यांचाही एक भाऊ दूरच्या शहरात होता. तो काहीच देत नाही, असा मोठ्याचा समज होता आणि मला कोणी काही सांगत नाही, अशी धाकट्याची तक्रार. कागद पाठवल्यावर त्याने स्वतःहून महिन्याला २ भाग कबूल केले. भावंडांत पैशांइतकाच वेळाचाही हिशेब लिहावा, असे माझे मत आहे. जो जवळ राहतो तो तास देतो, जो लांब राहतो त्याने पैसे अधिक द्यावेत किंवा वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस येऊन राहावे म्हणजे जवळच्याला उसंत मिळते. प्रमाण काय असावे याचा नियम मला सांगता येणार नाही, पण दर महिन्याला खात्याचा उतारा दोन्ही भावांना गेला की पुष्कळ गैरसमज आपोआप मिटतात, असा माझा अनुभव आहे. शेवटचे २ भाग जोडप्याने उचलले. आई-वडिलांसाठी त्यांचे ८ चे १० झाले आणि निवृत्तीची बचत ६ भागांवर पुन्हा सुरू झाली. आधी ती कागदावर ८ होती आणि प्रत्यक्षात शून्य.

आता तुमच्या घरातल्या सर्वांच्या वयांकडे येतो. १९८१ साली अमेरिकेतील समाजकार्याच्या अभ्यासक डोरोथी मिलर यांनी या अवस्थेला ‘सँडविच पिढी’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले. त्या नावामुळे डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंनी येणारा एकसारखा दाब उभा राहतो. जमाखर्चात तो तसा नसतो. एका कागदावर पुढची पंधरा वर्षे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक वर्षासमोर सहाही जणांची वये मांडा. तुमच्या बाबतीत चार वर्षांनी मुलगी १८ ची होऊन उच्च शिक्षणाला जाईल. तेव्हा वडील ७८ चे असतील. सहा वर्षांनी कर्ज फिटेल. मुलगी तेव्हा २० ची, वडील ८० चे. नऊ वर्षांनी मुलगा १८ चा, वडील ८३, आई ७८ आणि तुम्ही ५४. मुलगा २२ चा होईल तेव्हा तुम्ही ५८ चे असाल.

या तक्त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली दिलासा देणारी आहे. मुलीचे शिक्षण, कर्जाचा हप्ता आणि वडिलांचे वाढते वय हे तिन्ही एकदम अंगावर येतात ते आजपासून चौथ्या ते सहाव्या वर्षापर्यंत, साधारण दोन वर्षे. ती कठीण आहेत, पण त्यांना सुरुवात आणि शेवट आहे. त्या काळापुरती जी काटकसर करायची ती तात्पुरती आहे हे माहीत असले, की घरातले लोक ती मान्य करतात. कर्ज फिटेल त्या महिन्यापासून हप्त्याची रक्कम कुठे जाणार, हे मात्र आजच लिहून ठेवा. मी म्हणेन, निम्मी निवृत्तीला आणि निम्मी आई-वडिलांच्या खात्याला. न लिहिलेला मोकळा हप्ता सहा महिन्यांत घरखर्चात विरघळतो, हे मी फार वेळा पाहिले आहे.

दुसरी गोष्ट काळजीची आहे. ‘मुले मार्गी लागली की आपल्यासाठी साठवू’ असे तुम्ही मनात धरले असेल, तर साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाकडे त्यासाठी ५८ ते ६० ही दोनच वर्षे उरतात. आणि ते पैसे वाढायला वेळही राहत नाही. वार्षिक ६ टक्के वाढ धरली, तर ७२ ला ६ ने भागून येतात त्या १२ वर्षांत रक्कम दुप्पट होते. ४५ व्या वर्षी बाजूला ठेवलेला एक भाग ५७ व्या वर्षी दोन होतो. ५८ व्या वर्षी ठेवलेला निवृत्तीच्या दिवशी जवळपास तेवढाच असतो. म्हणून बचत कमी करावी लागली तरी ती शून्य करू नये. तुमची जी रक्कम बंद झाली आहे तिच्या निम्म्याने का होईना, ती पुढच्या महिन्यात सुरू करा.

मुलीच्या शिक्षणाच्या पैशांना हात लावावा का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्यासोबत एक अट आहे. त्या पैशांची गरज चार वर्षांवर आली आहे, ते मोडले तर भरून काढायला वेळ नाही. मात्र शिक्षणाचा सगळा खर्च तुम्ही उचलाल, असे तिला आजवर न बोलता वाटत आले असेल, तर ती समजूत आता दुरुस्त केली पाहिजे. आम्ही इतकी रक्कम देऊ शकतो, त्यापलीकडचे शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्जातून उभे करावे लागेल, हे १४ व्या वर्षी कळलेली मुलगी त्या हिशेबाने अभ्यासक्रम निवडते. तेच १८ व्या वर्षी, प्रवेशाच्या आठवड्यात कळले तर तो तिच्यावर अन्याय होतो. शिक्षणासाठी कर्ज मिळण्याची सोय असते आणि ते फेडायला पुढे कमाईची वर्षे असतात. निवृत्त माणसाला जगण्यासाठी कर्ज देणारे विरळा, आणि त्याने ते फेडायचे कशातून? तुमची निवृत्ती रिकामी राहिली तर पंचवीस वर्षांनी तुमची मुले आज तुम्ही आहात त्याच जागी उभी असतील.

वडिलांच्या प्रकृतीबद्दल तुम्ही थोडक्यात लिहिले आहे, पण पुढचा खर्च त्यावरच ठरेल. वृद्धांच्या परावलंबित्वाचे दोन जुने मोजमाप आहेत आणि मी ते अंदाजपत्रकासाठी वापरतो. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी मांडलेल्या यादीत फोन करणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचे व्यवहार सांभाळणे ही आठ कामे आहेत. १९६३ मध्ये कॅट्झ यांनी मांडलेली यादी त्याहून मूलभूत आहे: अंघोळ, कपडे घालणे, शौचालयात जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. सामान्यतः पहिल्या यादीतली कामे आधी जड होऊ लागतात. न भरलेले वीजबिल, दोनदा घेतलेली गोळी, तीच वस्तू पुन्हा पुन्हा आणणे, ही चिन्हे दिसली की मदतनीस लागण्याचा काळ जवळ आला आहे असे धरून चालावे.

पहिल्या यादीपुरती मदत लागते तेव्हा खर्च तासांत मोजता येतो. रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे २४ तास. दुसऱ्या यादीतली तीन-चार कामे सुटली, की रात्रंदिवस कोणीतरी लागते, आणि आठवड्याचे तास असतात १६८. आठवड्याला ४० तास काम करणारी माणसे धरली, तर चारहून अधिक माणसांचे ते काम आहे. २४ वरून १६८, म्हणजे सातपट. ही उडी महिन्याच्या अंदाजपत्रकातून भागवता येईल, असे मी कोणालाच सांगत नाही. तेव्हा व्यवस्थाच बदलावी लागते: आई-वडिलांनी तुमच्याकडे येणे, त्यांचे घर भाड्याने देणे किंवा विकणे, अथवा शुश्रूषागृह. यांतले काय करायचे, हे वडिलांची स्वतःची इच्छा विचारून आजच ठरवता येते, आणि ते त्यांच्या हक्काचे आहे.

त्या जोडप्याच्या वडिलांना दोन वर्षांनी घरातच पडल्याचे निमित्त झाले आणि रोज चार तासांची मदतनीस बाई लावावी लागली. महिन्याचा खर्च ६ भागांनी वाढला. या वेळी मात्र खाते होते, उतारा सर्वांकडे जात होता, त्यामुळे फोनवरच ठरले: भावाचे २ चे ४, ठेवींतून ३ ऐवजी ५, जोडप्याचे १० चे १२. निवृत्तीची बचत ६ वरून ४ वर आली, पण थांबली नाही. ठेवी आता ९६ च्या रेघेपर्यंत चौदा महिन्यांत पोहोचणार होत्या आणि कर्ज बारा महिन्यांत फिटणार होते. दोन महिन्यांची ती सवड पाहून मीही निःश्वास सोडला.

त्याच काळात पत्नीने नोकरी सोडावी का, हा विचार त्यांच्या मनात आला होता. तुमच्याकडेही तो येईल, म्हणून लिहितो. मदतनीसाचा पगार आणि नोकरी करणाऱ्याचा हाती येणारा पगार यांची तुलना अपुरी असते. सोडलेल्या नोकरीबरोबर निवृत्तीसाठी जमा होणारी रक्कम, नोकरीतून मिळणारा आरोग्यविमा आणि पुढच्या वाढी जातात, आणि पन्नाशीच्या आसपास त्याच पगारावर परत रुजू होणे कठीण असते. काही महिन्यांचा प्रश्न असेल तर बिनपगारी रजा किंवा कमी तासांचे काम आधी मागून पाहावे. सोडायचीच ठरली, तर तिच्या नावाने निवृत्तीची काही रक्कम दरमहा आई-वडिलांच्या खात्यातून जाईल, असे भावासमोर ठरवून घ्यावे.

एक काम मात्र वरच्या सगळ्या हिशेबांच्या आधी करा. वडील उद्या सही करू शकले नाहीत, तर त्यांच्या खात्यातून औषधांचे पैसे कोण काढणार, हे पाहा. आईचे नाव त्यांच्या खात्यांवर आहे का, नामनिर्देशन केले आहे का, ठेवींच्या पावत्या कुठे आहेत? मुखत्यारपत्र करायचे असेल तर वकिलाला हे अवश्य विचारा की, वडिलांची विचारशक्ती गेल्यावरही ते लागू राहील का. कित्येक ठिकाणी साधे मुखत्यारपत्र नेमके तेव्हाच निरुपयोगी होते आणि मग न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, ज्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. त्यांना एकदा झटका येऊन गेला आहे. या आठवड्यात त्यांच्याकडे जाल तेव्हा बँकेचे अर्ज सोबत घेऊन जा.